व्हिएन्ना ते व्हेनिस रात्रीच्या गाडीने: कुशेटमध्ये आम्हा चौघांचं कसं जमेल?

केतकी_निगडी

मंडळी, मे महिन्यात व्हिएन्नाहून व्हेनिसला जायचं आहे. विमानाऐवजी ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेट या रात्रीच्या गाडीने जावं असं लेकीने डोक्यात घेतलंय. आम्ही चौघं: मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघा दुखतो, बाकी ठणठणीत.

साइटवर तीन प्रकार दिसतात: बसायची सीट, कुशेट म्हणजे साधे झोपायचे बर्थ, आणि स्लीपर म्हणजे त्याहून आरामशीर बेड. स्लीपरचा दर बघून नवरा गप्प झाला. कुशेट परवडतंय, पण त्यात चार बर्थचा कूपे आणि सहा बर्थचा कूपे असे दोन दर आहेत. माझे प्रश्न असे. अनोळखी माणसांसोबत एका बंद खोलीत झोपायचं, तर ते कितपत सुरक्षित? मोठ्या बॅगा कुठे ठेवायच्या? अंथरूण-पांघरूण मिळतं की इथून न्यायचं? आणि सासूबाईंना खालचा बर्थ नक्की मिळेल ना?

ज्यांनी स्वतः असा प्रवास केलाय त्यांनी लिहा. यूट्यूबवर सगळे नुसते खिडकीतून आल्प्स दाखवतात.

बंड्या_उपास

रात्रीच्या गाडीच्या खिडकीतून आल्प्स? त्यांच्याकडे टॉर्च फार मोठा असणार.

काका_कोथरूड

काळजी करू नका. मी युरोपात गाडीने भरपूर फिरलोय. तिथे बायकांचे आणि पुरुषांचे कूपे वेगळे असतात, तिकीट काढतानाच विचारतात. रात्री अटेंडंट पासपोर्ट घेऊन जातो आणि सकाळी परत देतो, म्हणजे सीमेवर कोणी उठवत नाही. आपल्या थ्री एसीपेक्षा शांत असतं. बिनधास्त जा.

रुळांवरचा

काका, तुमचं निम्मं बरोबर आहे, पण ते स्लीपरबद्दल. स्लीपरमध्ये एकट्या माणसाने एकच बेड घेतला तर त्याला त्याच्याच लिंगाच्या प्रवाशांबरोबर ठेवतात. कुशेटमध्ये तसं नसतं. तिथे कूपे सरसकट मिश्र असतो. समोरच्या बर्थवर कॉलेजचा मुलगा असेल, वर एखादी आजी असेल, शेजारी जोडपं असेल. कोणी कपडे बदलून नाइटड्रेस घालून झोपत नाही, अंगावरच्या कपड्यांवरच आडवं व्हायचं. ज्या बाईला ते नको असेल तिच्यासाठी नाइटजेटमध्ये लेडीज कूपेचा वेगळा पर्याय आहे, पण तो आपण निवडावा लागतो. आपोआप मिळत नाही.

शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न बघणारे युरोपीय देश, त्यांच्या आतल्या गाड्यांत पासपोर्ट घेऊन जाण्याची पद्धत आता फारशी राहिलेली नाही. पूर्वी क्रोएशियातल्या झाग्रेबकडे जाताना रात्री सीमेवर पासपोर्ट लागायचा, पण १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आला. तरीही पोलीस मधूनच गाडीत चढून कागद बघू शकतात. म्हणून पासपोर्ट मोठ्या बॅगेच्या तळाशी नको, अंगाशी हवा.

केतकीताई, तुम्ही चौघं आहात हीच तुमची सगळ्यात मोठी सोय आहे. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

मधुरा_ग्राझ

मी इथे शिकते आणि एकटीच कुशेटने जाते-येते. लेडीज कूपेत आणि मिश्र कूपेत, दोन्हीकडे झोपलेय. खरं सांगू का, मिश्र कूपेत भीती वाटण्यापेक्षा अवघडल्यासारखं जास्त वाटतं. सहा जण इतक्या छोट्या जागेत आपापली चादर घालत असतात, कोणाचा कोपर कोणाच्या डोक्याला लागतो, सगळे एकदम "सॉरी सॉरी" करतात आणि मग अर्ध्या तासात दिवे बंद. त्यानंतर कोणी कोणाकडे बघतही नाही.

पण लेडीज कूपे मिळत असेल तर मी तोच घेते. त्याच्या जागा आधी संपतात. आणि बुकिंग करताना एक लक्षात ठेवा, नुसतं "महिला" असं लिहिलं म्हणून लेडीज कूपे मिळाला असं होत नाही. पैसे भरण्याआधी शेवटच्या पानावर तो पर्याय तुमच्या नावापुढे दिसतोय का ते बघायचं.

शिरीष_नाशिक

रात्रीच्या प्रवासाला माझं मत बसलाच. आम्ही प्राग ते बर्लिन बसने गेलो, सीट मागे होते, चार्जिंग आहे, स्वस्तात काम झालं. बॅगा खाली डिकीत. उगाच रेल्वेचा खर्च कशाला?

केतकी_निगडी

शिरीषजी, सासूबाईंना रात्रभर बसमध्ये बसवलं तर व्हेनिसला पोचल्यावर मला घरी परत यावं लागेल. कायमचं.

मधुरा, हे छान सांगितलंस. मग मी, मुलगी आणि सासूबाई लेडीज कूपेत आणि नवरा दुसरीकडे, असं करावं का?

बंड्या_उपास

नवऱ्याला विचारलंत का? मला वाटतं तो उडी मारून हो म्हणेल.

रुळांवरचा

बसलो लिहायला. थोडं लांबेल.

नवऱ्याला वेगळं काढायची काहीच गरज नाही. चार बर्थच्या कूपेत चारही बर्थ तुमच्या एकाच बुकिंगमध्ये असले की कूपे भरला. पाचवं कोणी येणारच नाही. म्हणजे "अनोळखी माणसं" हा तुमचा पहिला प्रश्न तिथेच मिटतो. सहा बर्थच्या कूपेत चार बर्थ घेतलेत तर दोन परके येतील, आणि ते कदाचित मध्यरात्री वाटेतल्या स्थानकावर चढतील. दरातला फरक पाहा, पण त्या फरकात तुम्ही जागाच नाही तर झोपही विकत घेताय.

स्लीपरचा विचार करत असाल तर त्यातली मेख सांगतो. जुन्या स्लीपर डब्यात एका कूपेत जास्तीत जास्त तीन बेड असतात. चौघांना दोन कूपे घ्यावे लागतात. आत बेसिन मिळतं, बिछाना तयार असतो, पण कुटुंब दोन दारांमागे विभागलं जातं. आजी आणि नात एका कूपेत, तुम्ही दोघं दुसऱ्यात, असं चालणार असेल तरच.

तिसरा रस्ता म्हणजे अख्खा कूपे खासगी घेणं. त्यात दर माणशी नसतो, कूपेचा असतो. सहा बर्थचा पूर्ण कूपे चौघांत घेतला तर दोन बर्थ रिकामे राहतात आणि त्यांवर मऊ बॅगा आणि जॅकेटं टाकता येतात. काही तारखांना हा पर्याय चार सुट्या बर्थच्या जवळपास येतो, काही तारखांना खूप वर जातो. दोन्ही दर एकापाठोपाठ काढून बघा. दर रोज बदलतात आणि स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसा हातात येण्याआधी काढत असाल तर अटी वाचा.

आता बुकिंग. चौघांची नावं एकाच व्यवहारात टाका. दोन फोनवरून दोन-दोन तिकिटं काढली तर यंत्रणेला तुम्ही एक कुटुंब आहात हे कळण्याचा मार्ग नाही, आणि दोघं एका डब्यात, दोघं दुसऱ्यात असं होऊ शकतं. प्रवासी टाकताना वयं नीट टाका, मुलीचा दर वेगळा लागतो. पुढे कुशेट निवडलं की बर्थ वरचा, खालचा अशी पसंती सांगता येते. ती पसंतीच असते. चार बर्थच्या कूपेत मात्र चारही तुमचेच असल्यामुळे आत गेल्यावर कोण कुठे झोपायचं ते तुम्हीच ठरवाल. सासूबाई खाली, प्रश्न संपला.

पैसे भरल्यावर तिकिटावर डबा क्रमांक आणि चार बर्थ क्रमांक येतात. चौघांचा डबा एकच आहे ना हे तेव्हाच बघा, स्थानकावर नको.

सहा_फुटी

चार बर्थ आणि सहा बर्थच्या कूपेत जागा किती वेगळी असते? मी एकदा सहावाल्यात मधल्या बर्थवर होतो, उठून बसताच आलं नाही. रात्रभर आडवाच.

रुळांवरचा

जुन्या डब्यांत बहुतेक वेळा कूपे तोच असतो, फक्त मधली फळी वापरत नाहीत. त्यामुळे खालच्या आणि वरच्या बर्थमध्ये बसण्याइतकी जागा राहते. लांबी मात्र तेवढीच. तुमच्या उंचीला पाय किंचित मुडपावे लागतीलच.

२०२३ च्या डिसेंबरपासून नव्या बनावटीच्या गाड्या यायला लागल्यात, त्यात कुशेट चारच बर्थचं असतं आणि एकट्या माणसासाठी सरकत्या झडपेची मिनी केबिन असते. नवी गाडी कुठल्या मार्गावर धावते ते बदलत राहतं. बुकिंगच्या पानावर मिनी केबिन दिसली तर समजा नवी गाडी आहे.

काका_कोथरूड

मिश्र कूपे असतो हे मला माहीत नव्हतं. मी नेहमी सौ.बरोबर स्लीपरच घेतला, त्यामुळे तसं वाटलं असेल. पण एक सांगतो, सुरक्षेचं हलक्यात घेऊ नका. इटलीकडे जाणाऱ्या गाड्यांत चोर दाराच्या फटीतून गॅस सोडतात आणि अख्खा कूपे बेशुद्ध करून लुटतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या बाबतीत झालंय. सकाळी उठले तर डोकं जड आणि पाकिटं गायब.

केतकी_निगडी

अरे देवा. हे सासूबाईंना वाचून दाखवणार नाही.

भूलतज्ज्ञ

हे वाचल्यावर राहवलं नाही. माझं पोटच भूल देण्यावर चालतं.

काका, ही गॅसची गोष्ट युरोपभर फिरते. झोपलेल्या माणसाला न उठवता, फटीतून सोडून, बंद खोलीतल्या सगळ्यांना गाढ बेशुद्ध करेल आणि तरी सगळे सकाळी जिवंत उठतील, असं औषध आमच्याकडे नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये मी एका माणसाला भूल देतो तेव्हा नळी थेट तोंडाशी असते आणि मी त्याच्या श्वासावर डोळा ठेवून शेजारी उभा असतो, कारण झोप आणि श्वास बंद पडणं यातलं अंतर फार थोडं आहे. कूपेएवढी हवा भारायला किती औषध लागेल याचा हिशोब केला तर चोराला बॅटरीवर चालणारा पंप आणि सिलिंडर घेऊन फिरावं लागेल. शिवाय ईथरसारख्या वासाने माणूस खोकत उठतो. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने मोटारहोममधल्या अशाच किश्श्यांबद्दल जाहीरपणे सांगितलं होतं की हे शक्य नाही.

डोकं जड होतं ते सहा जणांच्या बंद खोलीत, कमी पाण्यावर, अर्धवट झोपेने. आणि पाकीट जातं ते आपण गाढ झोपलेलो असतो आणि दार नीट लावलेलं नसतं म्हणून.

अनोळखी माणसाने दिलेलं पेय किंवा बिस्किट ही मात्र वेगळी गोष्ट. तोंडावाटे गुंगीचं औषध देता येतं, आपल्याकडच्या गाड्यांत तशा चोऱ्या होतात हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे नाही म्हणायला लाजू नये.

काका_कोथरूड

डॉक्टर, तुमचं शास्त्र मान्य. पण त्या कुटुंबाचं पाकीट गेलं हेही खरं आहे.

भूलतज्ज्ञ

त्याबद्दल वादच नाही काका. चोर खरा, गॅस खोटा.

पर्णिका

चोर खरा याला माझा दुजोरा. कोणत्या देशातली कोणती गाडी ते लिहीत नाही. आमच्या सहा बर्थच्या कूपेत पहाटे तीनच्या सुमारास एक जण टॉयलेटला गेला. तो बाहेर गेला की आतली कडी उघडीच राहणार ना? बाहेरून तर लावता येत नाही. आत जागं कोणीच नव्हतं. तेवढ्यात गाडी एका स्थानकावर थांबली होती. समोरच्या मुलीची छोटी बॅग उशाशी नव्हती, पायाकडे दाराजवळ होती, तीच गेली. मोठ्या सुटकेसना कोणी हातही लावला नाही.

अटेंडंटला सांगितलं, त्याने मदत केली, पण तोवर गाडी सुटली होती.

रुळांवरचा

पर्णिकाताईंनी जे लिहिलंय तेच खरं कमजोर ठिकाण आहे. दाराला साधं कुलूप असतं, ते अटेंडंटच्या चावीने बाहेरून उघडतं. त्याशिवाय आतून लावायची एक वेगळी कडी किंवा साखळी असते, ती बाहेरून उघडत नाही. झोपताना दोन्ही लावायच्या. आणि रात्री कोणी बाहेर गेलं तर दुसऱ्या कोणाला तरी हलवून "कडी लाव" सांगून जायचं, परत येताना टकटक करायची. परक्या माणसांना असं उठवणं जिवावर येतं, घरच्यांना उठवता येतं. चौघांचा स्वतःचा कूपे असल्याचा खरा फायदा इथे कळतो.

सासूबाईंना रात्री उठावं लागणार असेल तर तुमच्यापैकी एकाने त्यांच्या समोरच्या खालच्या बर्थवर झोपायचं. कुशेटमध्ये टॉयलेट आणि हात धुवायची जागा डब्याच्या टोकाला असते, आत काही नसतं. चप्पल हाताशी हवी.

मधुरा_ग्राझ

उशाचं पण लिहा. मी नेहमी खिडकीकडे डोकं करून झोपते आणि छोटी बॅग डोक्यामागे. दार उघडलंच तर माझे पाय आधी लागतील.

सहा_फुटी

उलट मी दाराकडे डोकं करतो. खिडकीची काच गार पडते आणि वाऱ्याचा बारीक आवाज येत राहतो. दाराकडे कोणी आलं तर लगेच कळतं.

मधुरा_ग्राझ

कॉरिडॉरमधून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पावलांनी जाग येते मग. तुम्ही पहारेकरी म्हणून गेलात की झोपायला?

सहा_फुटी

तिकिटावर तर काही लिहिलं नव्हतं.

केतकी_निगडी

गॅसची भीती गेली, चोराची आली. 😀 आता सामान. आमच्याकडे दोन मोठ्या चाकांच्या सुटकेस आहेत, प्रत्येकी साधारण तेवीस किलोच्या, आणि चार पाठीवरच्या बॅगा. कूपेत मावतील?

पर्णिका

तेवीस किलो तुम्ही विमानाच्या हिशोबाने भरल्यात. गाडीत वजनापेक्षा आकार नडतो. कॉरिडॉर अरुंद असतो, समोरून माणूस आला तर एकाला कूपेत घुसावं लागतं.

रुळांवरचा

दोन जागा असतात. एक, खालच्या बर्थच्या खाली, तिथे मध्यम बॅग सरकते पण मोठी जाड सुटकेस अडू शकते. दुसरी, दाराच्या वर कॉरिडॉरच्या छतावरची पोकळी. तिथे भरपूर मावतं, पण तेवीस किलो डोक्याच्या वर उचलायला दोघं लागतात. त्यामुळे ज्याला वरचा बर्थ आहे त्याने आधी शिडीवर चढायचं, खालच्याने बॅग द्यायची. हे सगळं बर्थ उघडून चादरी घालायच्या आधी उरकायचं, नंतर हलायला जागा राहत नाही.

चौघांच्या कूपेत दोन सुटकेस निभावतील. सहा जण आणि सहा सुटकेस असतात तेव्हा मात्र शिडी लावायलाही जागा उरत नाही.

रात्रीसाठी लागणारं सगळं एकाच छोट्या पिशवीत वेगळं काढा: औषधं, ब्रश, पाणी, शाल, मोजे. दिवे बंद झाल्यावर सुटकेसची चेन उघडलीत तर शेजारच्या कूपेपर्यंत ऐकू जाते. पासपोर्ट, पैसे, फोन कंबरेच्या पाऊचमध्ये. आणि गाडी सुटण्याआधी फलाटावरून कोणी आपण होऊन बॅग चढवायला मदत करायला आला तर नम्रपणे नाही म्हणा.

मालवणी_मासो

ह्या सगळ्यात मुख्य प्रश्न राहिला. खायला काय नेताय?

केतकी_निगडी

थालीपीठं, दशम्या आणि चटणी. लसणाची नेऊ का हा वाद घरात चालू आहे.

मालवणी_मासो

चौघांचाच कूपे आहे ना, मग न्या की. सुक्या बांगड्याचा विचार मात्र सोडा. अनुभवाने सांगतोय असं समजू नका. पण सोडा.

मधुरा_ग्राझ

कुशेटमध्ये सकाळी छोटासा नाश्ता तिकिटातच असतो: ब्रेडचे दोन रोल, लोणी, जॅम आणि चहा किंवा कॉफी. अटेंडंट तुमच्या स्थानकाच्या थोडं आधी उठवतो तेव्हाच आणतो. त्यामुळे गजर लावायची गरज नाही, पण मी लावतेच. रात्रीचं जेवण मात्र स्वतःचं न्या.

भूलतज्ज्ञ

सासूबाईंच्या सकाळच्या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या असतील तर त्या पिशवीत ठेवायला विसरू नका.

केतकी_निगडी

आणि अंथरूण?

मधुरा_ग्राझ

प्रत्येक बर्थला उशी, चादर आणि ब्लँकेट मिळतं. अंथरायचं आपणच. स्लीपरमध्ये तयार बिछाना असतो, कुशेटमध्ये नाही. चादर धुतलेली, घडी घातलेली असते. ब्लँकेट पातळ असतं. माझं तक्रारीचं कारण थंडी नसून उशी आहे, अगदी चपटी.

पर्णिका

ब्लँकेट दर फेरीला धुतात का? मला नाही वाटत. मी तोंडापर्यंत कधी घेत नाही.

मधुरा_ग्राझ

चादर मधे घेतली की ब्लँकेट अंगाला लागतच नाही. पण हो, ज्यांना किळस वाटते त्यांनी स्वतःचा पातळ सुती सोलापुरी चादरीचा तुकडा न्यावा. वजन फार नाही.

बंड्या_उपास

सोलापुरी चादरीचा तुकडा. तुकडाच. आमच्याकडे अख्खी नेल्याशिवाय कोणी स्वारगेटलाही जात नाही.

काका_कोथरूड

एसी कडक असतो. शाल न्याच. गुडघा दुखणाऱ्याला थंडीने आखडायला होतं. माझ्या सौ.चा अनुभव आहे, हे तरी मान्य करा सगळ्यांनी.

भूलतज्ज्ञ

मान्य. पूर्ण मान्य.

शिरीष_नाशिक

आमच्याकडे युरोपभर रेल्वेने फिरायचा युरेल पास असेल तर हे कुशेट फुकट का?

रुळांवरचा

नाही. पासात प्रवासाचं भाडं येतं, बर्थचं नाही. बर्थचं आरक्षण वेगळं पैसे देऊन करावं लागतं, आणि पासधारकांसाठीच्या जागा सुट्टीच्या दिवसांत लवकर संपतात. नुसता पास दाखवून कुशेट डब्यात चढलात तर झोपायला जागा नाही.

केतकीताई, आणखी दोन गोष्टी. पहिली, अशा गाड्यांचे डबे वाटेत वेगळे होऊन वेगवेगळ्या शहरांना जातात, ऑस्ट्रियातल्या फिलाखसारख्या स्थानकावर रात्री डब्यांची जुळवाजुळव चालते. तेव्हा मोठा धक्का बसतो आणि गाडी बराच वेळ उभी राहते. घाबरू नका, पण आपल्याच डब्यात झोपायचं, "तिकडे रिकामं दिसतंय" म्हणून दुसऱ्या डब्यात जायचं नाही. सकाळी दुसऱ्याच शहरात उठाल. व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकावर फलाटावरच्या फलकावर डबे कुठल्या विभागात लागतील ते अ, ब, क अशा अक्षरांनी दाखवतात, तुमच्या डबा क्रमांकाप्रमाणे आधीच तिथे उभे राहा. मोठ्या बॅगा घेऊन गाडीच्या आतून चार डबे चालत जाणं नको.

दुसरी, व्हेनिसला दोन स्थानकं आहेत. आधी मेस्त्रे लागतं, ते मुख्य भूमीवर. पुढे पूल ओलांडून सांता लुचिया, तेच बेटावरचं. तुमचं हॉटेल कुठे आहे ते बघून तिकीट काढा.

केतकी_निगडी

हॉटेल मेस्त्रेला आहे, स्वस्त मिळालं म्हणून! मी सांता लुचियाचं तिकीट निवडून ठेवलं होतं. बरं झालं विचारलं.

पर्णिका

मग अटेंडंटला चढतानाच "मेस्त्रे" असं सांगून ठेवा. त्याच्या यादीत सांता लुचिया असेल तर तो तुम्हाला मेस्त्रेला उठवणार नाही.

आणि एक शक्यता मनात धरा. कधी कधी ऐनवेळी कुशेटचा डबा लागतच नाही. मला एकदा दुसऱ्या एका कंपनीच्या गाडीत बर्थच्या तिकिटावर सीटवर बसून जावं लागलं. दरातला फरक परत मिळाला, पण मागावा लागला, तोही अटेंडंटकडून लेखी नोंद घेतली म्हणून सुकर झालं. आजी बरोबर आहेत तर तसं झालं तर काय करायचं हे आधी ठरवा. आम्ही तरुण होतो, बसून गेलो.

सहा_फुटी

तसं झालं तर न चढता दुसऱ्या दिवशी दिवसाच्या गाडीने जाता येतं का?

रुळांवरचा

तेव्हाची परिस्थिती आणि तिकिटाचा प्रकार बघून खिडकीवर बोलावं लागेल, सरसकट उत्तर देत नाही. उशिराचं मात्र ठरलेलं आहे. युरोपीय नियमांप्रमाणे पोचायला तासभराहून जास्त उशीर झाला तर भाड्याचा पाव भाग आणि दोन तासांहून जास्त झाला तर निम्मा भाग मागता येतो. काही अपवाद आहेत, ते दाखवून कंपन्या नाही म्हणतातही. म्हणून पोचल्या दिवशी दुपारच्या आधीची कुठलीही वेळ ठरवलेली तिकिटं काढू नका. संग्रहालय, बोटीची सफर, काहीच नाही.

केतकी_निगडी

सगळ्यांचे आभार. घरी बसून ठरवलं: चार बर्थचा कूपे, चौघांचं एकच बुकिंग, मेस्त्रेपर्यंत. आजच खासगी सहा बर्थचा दर आणि चार बर्थचा दर शेजारी ठेवून बघितला. आमच्या तारखेला चार बर्थ बऱ्यापैकी स्वस्त होता. खाली सासूबाई आणि मी, वर नवरा आणि मुलगी. मुलीने तिचा वरचा बर्थ आधीच जाहीर केलाय. एक सुटकेस पुण्यातच ठेवतेय, दुसरी लहान घेतेय.

सासूबाईंचा एकच प्रश्न उरलाय. शिडीवरून पाय घसरून जावई खाली पडला तर त्यांच्या अंगावर पडेल की माझ्या?

बंड्या_उपास

जावई? तुमचा नवरा त्यांचा मुलगा ना?

केतकी_निगडी

हो हो, मुलगा. घाईत लिहिलं. त्यांना दाखवू नका कोणी.

रुळांवरचा

वरच्या बर्थला पडू नये म्हणून पट्टा किंवा कठडा असतो. झोपायच्या आधी तो लावलाय ना ते बघा. शिडी पक्की अडकवा आणि रात्री काढून ठेवू नका.

मालवणी_मासो

मी सिसिलीला जायचा विचार करतोय. तिथली रात्रीची गाडी म्हणे बोटीत चढते. खरं की काकांच्या गॅससारखं?

पर्णिका

खरं आहे. मिलान किंवा रोमहून निघालेली गाडी व्हिला सान जोव्हान्नीला डबे सुटे करून फेरीबोटीत घालतात आणि मेस्सीनाला बाहेर काढतात. पाहिजे तर डब्यातून उतरून वर डेकवर जाता येतं. त्यासाठी वेगळा धागा काढा, हा आधीच लांबलाय.

काका_कोथरूड

डेकवर जाताना कूपेची कडी कोण लावणार?